वाचता येते, पण कळत नाही

आपल्या प्राथमिक शाळांत एक मूल असे असते की ज्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. ते तिसरी-चौथीत असते. धडा उघडून दिला तर ते मोठ्या आवाजात, बोटाने ओळ धरून, जवळजवळ न अडखळता वाचते. गुरुजी संतुष्ट होतात, तपासणीस आलेले साहेबही मान डोलावतात. पण पुस्तक मिटवून 'आता काय झाले ते सांग' म्हटले की ते गप्प राहते, किंवा शेवटची ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवते. त्याच्या शेजारी दुसरे मूल बसलेले असते. ते अक्षर-अक्षर लावत वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचते तेव्हा वाक्याची सुरुवात विसरलेले असते. शाळेच्या भाषेत दोघेही 'वाचनात कच्चे'. वास्तविक या दोघांची दुखणी वेगळी आहेत आणि औषधेही वेगळी आहेत. हा भेद न करता दोघांना एकच काढा पाजण्याची आपली रीत किती मुलांना शाळेबाहेर ढकलते, याचा विचार चळवळीतल्या माणसांनीही केला पाहिजे. कारण ही मुले बहुतांशी आपल्याच वस्त्यांतली आहेत.

प्रश्न लहान नाही. ग्रामीण भागातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. ही पाहणी मूल मजकूर वाचून दाखवू शकते का, एवढेच प्रामुख्याने पाहते. वाचलेले समजले का, हा त्यापुढचा प्रश्न झाला. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' कार्यक्रमाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असे उद्दिष्ट ठेवले. त्यातले '६० शब्द' घड्याळावर मोजता येतात. 'अर्थासह' हे घड्याळावर मोजता येत नाही. जे मोजता येते तेच शिकवले जाते आणि जे मोजता येत नाही ते गृहीत धरले जाते, हा सरकारी कारभाराचा जुना नियम येथेही लागू पडतो.

प्रश्न विचारणे म्हणजे शिकवणे नव्हे

'आम्ही प्रत्येक धड्याखाली प्रश्न विचारतो की,' असे शिक्षक म्हणतील. ते खरेही आहे. पण अर्थ लावायला शिकवणे आणि अर्थ लागला की नाही ते तपासणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोलोरेस डर्किन या अमेरिकन संशोधिकेने १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटे निरीक्षणे केली. त्यांपैकी मजकुराचा अर्थ कसा लावावा हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेली मिनिटे होती अवघी २०. उरलेला पुष्कळसा वेळ प्रश्न विचारून उत्तरे तपासण्यात आणि कागद भरून घेण्यात गेला होता. तो देश वेगळा आणि काळही वेगळा. पण आपल्या वर्गात डोकावणाऱ्याला ते दृश्य अनोळखी वाटणार नाही.

शिवाय धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे अर्थ न कळताही देता येतात. पुढील वाक्य पाहा: 'करडा झुंबा तळवटीत खिरमत होता.' आता प्रश्न: झुंबा कोठे खिरमत होता? उत्तर: तळवटीत. झुंबा कसा होता? करडा. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण. आणि वाक्याला तर काही अर्थच नाही. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारची ओळ उतरवायची, ही युक्ती मुले लवकर शिकतात. ती युक्ती हेच वाचन, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटू लागते. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना तेच शिकवले आहे.

चांगला वाचक वाचताना मनात काही हालचाली करत असतो. पुढे काय येईल याचा तो अंदाज बांधतो व तो खोटा ठरला तर बदलतो. 'हे असे का झाले?' असे तो मजकुराला विचारतो. वाचलेले तो डोळ्यांपुढे उभे करतो. या हालचाली दिसत नाहीत, म्हणून ज्याला त्या येत नाहीत त्याला त्या असतात हेच ठाऊक नसते. ज्या घरात संध्याकाळी कोणी मांडीवर घेऊन गोष्ट वाचते आणि मध्येच थांबून 'आता काय होईल गं?' असे विचारते, त्या घरातले मूल त्या सहज उचलते. ज्या घरातली आई कारखान्याच्या फडावर किंवा धुण्याभांड्याला गेलेली असते, त्या घरातल्या मुलाला त्या शाळेनेच दाखवल्या पाहिजेत. शाळाही त्या दाखवत नसेल तर एका मुलाला मिळालेली गोष्ट दुसऱ्याला कधी मिळतच नाही, आणि पुढे आपण त्याला 'बुद्धीतला फरक' असे नाव देतो.

आधी निदान

तथापि उपाय सुरू करण्यापूर्वी दुखणे ओळखले पाहिजे. त्यासाठी खर्चिक चाचण्या लागत नाहीत. मुलाच्या इयत्तेला साजेसा दहा-बारा वाक्यांचा उतारा घ्यावा. त्यातले पंधरा-वीस शब्द, काही जोडाक्षरांसह, क्रम मोडून एका कागदावर लिहावेत व मुलाला वाचायला द्यावेत. मग तशाच पातळीचा दुसरा उतारा आपण त्याला वाचून दाखवावा आणि गोष्ट स्वतःच्या शब्दांत, घरी बोलतो त्या बोलीत, सांगायला लावावी.

सुटे शब्द वाचता येत नाहीत, पण ऐकलेली गोष्ट नीट सांगता येते, अशा मुलाची अडचण अक्षरांची आहे. त्याला स्वरचिन्हे, जोडाक्षरे आणि वाचनाचा सराव हवा. अंदाज आणि प्रश्न यांनी ती उणीव भरून निघणार नाही. सुटे शब्द सफाईने वाचता येतात, पण ऐकलेली गोष्टही सांगता येत नाही, त्या मुलाची अडचण भाषेची, माहितीची आणि अर्थ लावण्याच्या सवयीची आहे. तिसरे मूल दोन्हीकडे अडते. त्याला दोन्ही हवे, पण वेगवेगळ्या वेळी. अक्षरांचा सराव एका तासाला करावा आणि अर्थ लावण्याचे काम शिक्षकाने वाचून दाखवलेल्या मजकुरावर दुसऱ्या वेळी करावे. म्हणजे अक्षरे पक्की होईपर्यंत त्याचा विचार उपाशी राहत नाही.

एक उतारा घेऊन

आता प्रत्यक्ष काम. सहा ते आठ मुलांचा गट, रोज वीस-पंचवीस मिनिटे. उतारा असा:

'आजीने अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या आणि ती ओसरीवर आडवी झाली. विठू गल्लीत गोट्या खेळत होता. एकाएकी वारा सुटला. गल्लीतला पाचोळा गरगर फिरू लागला. विठूने मान वर करून पाहिले. गोट्या तिथेच टाकून तो घराकडे पळत सुटला. त्याने आजीला हाक मारली नाही. कोपऱ्यातले मोठे टोपले ओढत त्याने अंगणात आणले. थोड्या वेळाने आजी जागी झाली. अंगण ओले होते आणि भरलेले टोपले ओसरीवर होते. आजी हसली. "वर्षभराचे तिखट वाचवलेस रे," ती म्हणाली.'

या उताऱ्यात 'पाऊस' हा शब्द कोठेही नाही. ओळ शोधून उतरवणाऱ्या मुलाला म्हणूनच तो अडवतो आणि आपल्या कामाचा ठरतो.

पहिल्या दिवशी शिक्षिकेने मुलांना काहीच विचारू नये. तिने स्वतः वाचावे आणि स्वतःचा विचार मोठ्याने बोलून दाखवावा. पाचोळ्याच्या वाक्याशी थांबून तिने म्हणावे, 'वारा सुटला, पाचोळा फिरतोय. मिरच्या अंगणात आहेत हे मला आठवते. मला वाटते, काहीतरी बिघडणार. पाहू या.' मुलांना येथे प्रथमच कळते की वाचताना थांबायचे असते आणि थांबल्यावर डोक्यात काहीतरी चालायचे असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तशाच नव्या उताऱ्यांवर मुलांना बरोबर घ्यावे, आणि आठवड्याअखेर थांबण्याची जागा त्यांनाच ठरवू द्यावी.

अंदाजाचे काम कसे चालते ते पाहण्यासाठी हाच उतारा मुलांना नवा आहे असे समजू या. पाचोळ्याच्या वाक्यावर थांबून 'पुढे काय होईल?' विचारले, तर कोणी 'पाऊस येईल' म्हणेल, कोणी 'वादळ', आणि एखादे मूल हमखास 'भूत' म्हणेल. शिक्षिकेचा पुढचा प्रश्न तिघांनाही एकच: 'कशावरून?' पहिले वाऱ्याकडे बोट दाखवेल. तिसरे सांगेल की पाचोळा गरगर फिरतो तिथे भूत असते, असे आजी म्हणते. त्याला हसू नये आणि 'चूक' असेही म्हणू नये. तिन्ही अंदाज फळ्यावर लिहावेत आणि पुढे वाचावे. विठू मान वर करून पाहतो आणि पळत सुटतो. भुताचा अंदाज अजूनही तग धरून आहे, कारण भ्यालेला मुलगा घराकडेच पळेल. पण पुढे तो टोपले ओढत अंगणात आणतो. भुताला भ्यालेला मुलगा टोपले कशाला आणील? येथे ते मूल स्वतःच आपला अंदाज खोडते. हा खोडण्याचा क्षण हेच या पाठाचे फळ आहे. अंदाज बरोबर येणे महत्त्वाचे नाही. पुढच्या ओळीच्या पुराव्यावर तो टिकवणे किंवा टाकणे महत्त्वाचे आहे. जो वर्ग अंदाज घेतो पण पुढे वाचून तो तपासत नाही, त्या वर्गात हा केवळ बोलण्याचा खेळ उरतो.

प्रश्नांच्या पाठात उलटापालट करायची. येथे प्रश्न शिक्षिकेने विचारायचे नाहीत, मुलांनी विचारायचे. आरंभी येणारे प्रश्न बहुतेक असे असतील: 'विठू काय खेळत होता?' याचे उत्तर ओळीतच आहे. मग शिक्षिकेने दुसऱ्या जातीचा प्रश्न करून दाखवावा: 'विठू का पळाला?' ओळ शोधणारे मूल उत्तर देईल, 'गोट्या टाकून.' त्याने प्रश्नाजवळचे शब्द उचलले. या प्रश्नाचे उत्तर वारा, वर पाहणे, टोपले आणि ओले अंगण अशा चार ठिकाणांहून गोळा करून जोडावे लागते. तिसऱ्या जातीचा प्रश्न: 'त्याने आजीला हाक का मारली नाही?' याचे उत्तर उताऱ्यात नाहीच. वेळ नव्हता म्हणून, किंवा आजीची झोप मोडू नये म्हणून. दोन्ही उत्तरे उताऱ्याशी जुळतात. 'आजी बहिरी होती' हे जुळत नाही, कारण तसे सुचवणारे काहीच नाही. ओळीतला प्रश्न, ओळी जोडणारा प्रश्न आणि ओळीपलीकडचा प्रश्न, अशी साधी नावे मुलांना पुरतात. प्रत्येकाने रोज दुसऱ्या व तिसऱ्या जातीचा एकेक प्रश्न काढून शेजाऱ्याला घालावा.

तिसरी गोष्ट डोळ्यांपुढे चित्र आणण्याची. लहान मुलांबाबत 'मनात चित्र आण' एवढे म्हणून भागत नाही, कारण ते चित्र आले की नाही हे आपल्याला दिसत नाही. म्हणून पाटीवर किंवा कागदावर दोन चौकटी काढायला सांगाव्यात: आजी आडवी झाली तेव्हाचे अंगण आणि आजी जागी झाली तेव्हाचे अंगण. चित्र सुबक असण्याची गरज नाही. दुसऱ्या चौकटीत मिरच्या कोठे आहेत, एवढेच पाहायचे. त्या ओल्या अंगणातच राहिल्या असतील तर मुलाने शब्द वाचले, गोष्ट वाचली नाही. मिरच्या टोपल्यात आणि टोपले ओसरीवर असेल तर जो पाऊस उताऱ्यात लिहिलेला नाही तोही त्याला कळला. विठूच्या हातात कोणी छत्री काढली तर विचारावे, 'छत्री कोणत्या ओळीत आहे?' ती काढण्यात गुन्हा नाही. पण लेखकाने काय दिले आणि आपण काय घातले, हा फरक मुलाला कळावा.

एकेका रीतीला साधारण आठवडा-दोन आठवडे द्यावेत. मग तिन्ही एकत्र आणून मुलांनी पाळीपाळीने शिक्षकाची जागा घ्यावी. या पाळीपाळीच्या पद्धतीचा नावाजलेला प्रयोग अ‍ॅनमरी पॅलिन्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. अंदाज आणि प्रश्न यांच्या जोडीला त्यांनी न कळलेले स्पष्ट करून घेणे आणि सारांश सांगणे या दोन रीती घेतल्या होत्या. शब्द नीट वाचणाऱ्या पण अर्थाशी अडणाऱ्या सातवीच्या मुलांना सुमारे २० दिवसांच्या कामाने लक्षणीय फायदा झाला. पुढे पॅलिन्सर यांनी पहिलीच्या मुलांबरोबरही, मजकूर वाचून दाखवून, ही पद्धत वापरली.

कोठे बिघडते

सर्वांत मोठा घोटाळा 'अंदाज' या शब्दामुळे होतो. पुढच्या घटनेचा अंदाज बांधणे आणि पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देणे या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. 'पळत सुटला'च्या जागी मूल 'पडत सुटला' वाचते, किंवा चित्रात घर दिसले म्हणून 'ओसरी'ला 'घर' म्हणते, तेव्हा 'छान अंदाज' म्हणणारा शिक्षक त्या मुलाचे नुकसान करतो. शब्द हा अक्षरांवरूनच वाचायचा; अंदाज बांधायचा तो गोष्टीचा. पाश्चात्त्य देशांत चित्रावरून आणि संदर्भावरून शब्द ओळखण्याच्या पद्धतीने कच्च्या वाचकांना अधिक कच्चे केले, अशी टीका अलीकडच्या वर्षांत तेथे जोराने झाली आहे. मराठीत तर लिहिलेले बहुतांशी जसेच्या तसे उच्चारता येते. अक्षरे टाळून अंदाजाने वाचायला लावण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

दुसरी मर्यादा माहितीची आहे. वाळत घातलेल्या मिरच्या आणि वळवाचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हा उतारा सोपा आहे. महानगरातल्या झोपडपट्टीत वाढलेल्या मुलाला वर्षाचे तिखट एकदम करून ठेवतात हेच ठाऊक नसेल, तर आजी का हसली ते कोणत्याही रीतीने कळणार नाही. त्याला आधी चार वाक्यांत ते सांगावे लागेल. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली दाखवले की बेसबॉलची माहिती असलेल्या कच्च्या वाचकांना त्या खेळाचे वर्णन, माहिती नसलेल्या पक्क्या वाचकांपेक्षा अधिक चांगले समजले. शेतावरच्या मुलाला शहरी धडा आणि शहरातल्या मुलाला शेतावरचा धडा का जड जातो, हे यावरून ध्यानात येते. वारली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलांना तर धड्याची भाषाही परकी असते. अशा मुलाने आपला अंदाज आणि प्रश्न आपल्या बोलीतच सांगावा. विचार आधी होऊ द्यावा, प्रमाण मराठी मागाहून येईल.

तिसरी मर्यादा काळाची आहे. या रीती थोड्या आठवड्यांत शिकून होतात. त्यानंतर वर्षानुवर्षे 'अंदाज-पत्रक' आणि 'प्रश्न-पत्रक' भरून घेतल्याने त्यात फारशी भर पडत नाही. एकदा सवय लागली की मुलाला हवी ती पुस्तके, पुष्कळ आणि नाना विषयांची. तीच जर शाळेच्या कपाटात कुलपाखाली असतील तर सवय लावून काय उपयोग?

आपण काय विचारावे

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपले अनेक कार्यकर्ते आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया या समित्यांवर आहेत. बैठकांत भिंत, संडास आणि पोषण आहार यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण त्याबरोबर तीन प्रश्न विचारावेत. वाचनात मागे असलेल्या प्रत्येक मुलाबाबत, अडचण अक्षराची की अर्थाची, हे शाळेने तपासले आहे काय? आठवड्यातून किती वेळा शिक्षक मुलांना काही वाचून दाखवतात आणि मध्ये थांबतात? कपाटातली किती पुस्तके गेल्या महिन्यात मुलांच्या घरी गेली? ही विचारणा शिक्षकाला कोंडीत पकडण्यासाठी नव्हे. दोन-दोन वर्ग एकट्याने सांभाळणारा शिक्षक आठ मुलांचा गट रोज वेगळा कसा घेणार, हा प्रश्न त्यातून आपोआप निघेल; आणि रिक्त जागा भरण्याची मागणी मग नुसती संख्येची राहणार नाही, त्या गटातल्या मुलांची होईल.

वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्यांनी तर कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. संध्याकाळच्या तासात पाढे आणि गृहपाठ यांच्यातून वीस मिनिटे काढावीत. एक छोटी गोष्ट वाचावी, दोनदा थांबावे, 'कशावरून?' एवढेच विचारावे आणि प्रश्न मुलांना काढू द्यावेत. 'कशावरून?' ही सवय जडलेले मूल उद्या गोष्टीवर थांबणार नाही. मजुरीची पावती, रेशन दुकानावरची पाटी आणि निवडणुकीचे पत्रक हेही ते त्याच नजरेने वाचील. अंगठा देणाऱ्या पिढीला आपण सही शिकवली. सही करणाऱ्या पिढीला आता, कागदावर नेमके काय लिहिले आहे आणि काय लिहायचे टाळले आहे, हे वाचायला शिकवायचे आहे.